खरा मणी, खोटी माळ: रस्त्यावर स्वस्तात मिळणाऱ्या सोन्याची फसवणूक

या पाठात आपण काय पाहणार आहोत

"खोदकाम करताना सोनं सापडलं आहे, स्वस्तात देतो," असे सांगणारा अनोळखी माणूस देशाच्या अनेक राज्यांत भेटतो. कधी तो बांधकाम मजूर असतो, कधी शेतमजूर, तर कधी भांडी किंवा खेळणी विकणारा फेरीवाला. त्याच्या बोलण्याला भुलून लोक मुदत ठेव मोडतात, अंगावरचे खरे दागिने गहाण ठेवतात आणि घरी पितळ घेऊन येतात.

अशी बातमी ऐकली की आपण म्हणतो, "आधी सोनाराकडे तपासून नाही का घ्यायचं?" पण फसलेल्यांपैकी अनेकांनी सोने तपासून घेतलेले असते. सराफाने ते खरे असल्याचे सांगितलेले असते आणि सराफही खोटे बोललेला नसतो. तरीही पैसे जातात. हे कसे घडते, ते या पाठात एका उदाहरणातून पाहू. उदाहरण समजावण्यासाठी रचलेले आहे. हिशेब सोपा व्हावा म्हणून सोन्याचा भाव ₹10,000 प्रति ग्रॅम धरला आहे.

उदाहरण: इंदूरमधील पोह्यांची गाडी

इंदूरमध्ये राहणारे एक मराठी जोडपे सकाळी पोहे-जिलेबीची गाडी लावते. गाडीवर रोज एक मजूर येऊ लागला. चार-पाच दिवस त्याने पोहे खाल्ले, पैसे वेळेवर दिले, गावाकडच्या गोष्टी सांगितल्या. सहाव्या दिवशी गर्दी ओसरल्यावर तो हळू आवाजात ताईंना म्हणाला, "दीदी, तुम्ही भल्या माणसं दिसता म्हणून विचारतो. हे जरा बघता का?"

त्याच्या मुठीत दोन पिवळे मणी होते. एका जुन्या घराचा पाया खोदताना मडके सापडले, त्यात अशा मण्यांची अर्धा किलोची माळ आहे, असे त्याने सांगितले. "आम्ही अडाणी माणसं. दुकानात गेलो तर चोर म्हणून पकडतील. मुलीचं लग्न आहे. तुम्ही हे मणी तुमच्या ओळखीच्या सोनाराकडे दाखवा. खोटे निघाले तर फेकून द्या."

त्याने मण्यांचे पैसे मागितले नाहीत. ताई आपल्या नेहमीच्या सराफाकडे गेल्या. सराफाने मणी कसोटीच्या दगडावर घासले, यंत्रावरही तपासले आणि म्हणाला, "बावीस कॅरेट आहे. वजन दोन ग्रॅम." म्हणजे दोन मण्यांची किंमत झाली सुमारे ₹20,000.

दुसऱ्या दिवशी मजुराने पूर्ण माळ दाखवली. सोबत एक म्हातारी होती, ती त्याची आई असल्याचे सांगितले. माळ फडक्यात गुंडाळलेली होती, तिला माती लागलेली होती. बाजारभावाने तिची किंमत ₹50 लाख झाली असती. त्याने आधी ₹8 लाख सांगितले, म्हातारी रडली आणि घासाघीस होऊन सौदा ₹5 लाखांवर ठरला. अट एकच होती. पैसे रोख हवेत, दोन दिवसांत हवेत आणि कोणाला सांगायचे नाही.

ताई आणि त्यांच्या पतींनी ₹3 लाखांची मुदत ठेव मोडली. घरच्या बांगड्या तारण ठेवून ₹1,50,000 काढले. बचत खात्यातून ₹50,000 घेतले. शहराबाहेरच्या एका वळणावर पैसे दिले, माळ घेतली. त्या संध्याकाळी सराफाने माळेतले मणी एकामागून एक तपासले. सगळे पितळेचे होते. मजुराचा फोन बंद झाला होता.

फसवणूक नेमकी कुठे झाली?

आता हा व्यवहार उलट दिशेने तपासू. सराफाने तपासले ते दोन मणी. ताईंनी विकत घेतली ती माळ. या दोन वेगळ्या वस्तू होत्या. तपासणी खरी होती, पण ती विकत घेतलेल्या वस्तूची नव्हती. सगळी युक्ती एवढ्यातच आहे.

ठकांच्या बाजूने हिशेब मांडा. दोन खऱ्या मण्यांवर त्यांनी ₹20,000 खर्च केले, पितळी माळेवर काही हजार. त्या बदल्यात ₹5 लाख मिळाले. खरे सोने फुकट देणारा माणूस आपल्याला प्रामाणिक वाटतो. प्रत्यक्षात ते मणी म्हणजे त्याच्या धंद्यातली गुंतवणूक असते. मच्छीमार गळाला खरेच खाद्य लावतो, तसे.

"पण मणी आमच्या डोळ्यांदेखत माळेतून काढला होता," असेही काही जण सांगतात. यात दोन प्रकार होतात. माळेत ठरावीक जागी काही खरे मणी ओवलेले असतात आणि तिथलेच तोडले जातात. किंवा तोडलेला मणी बोटांत लपवून आधीपासून हातात असलेला खरा मणी आपल्या तळहातावर ठेवला जातो. हातचलाखी करणाऱ्याला यासाठी क्षणभर पुरतो. म्हणून मणी आपण निवडला, आपण तोडला, तरीही उरलेल्या माळेबद्दल त्यातून काहीच सिद्ध होत नाही.

गोष्टीतली प्रत्येक ओळ काम करते

मजुराने सांगितलेली गोष्ट साधी वाटते, पण तिच्यातील प्रत्येक भाग एक दार बंद करण्यासाठी असतो.

"आम्ही अडाणी" हे ऐकले की आपल्याला वाटते, आपणच जास्त शहाणे आहोत आणि समोरच्याला भाव माहीत नाही. "पोलीस पकडतील" हे ऐकले की बिल, पावती, पत्ता यांपैकी काहीही मागायचे आपण सोडून देतो. "कोणाला सांगू नका" यामुळे भाऊ, शेजारी, बँकेतील ओळखीचा कर्मचारी, म्हणजे आपल्याला थांबवू शकेल असा प्रत्येक माणूस दूर राहतो. "दोन दिवसांत हवेत" यामुळे रात्रभर विचार करायला वेळ उरत नाही.

आता त्याच गोष्टीतील विसंगती पाहा. जो माणूस मणी सराफाकडे पाठवू शकतो, तो मणी सराफाला विकूही शकतो. महिन्याला दोन मणी विकले तरी त्याला ₹20,000 मिळाले असते. मग ₹50 लाखांचा माल तो दहाव्या हिश्श्यात अनोळखी माणसाला का देईल? याचे एकच पटणारे उत्तर आहे. तो माल ₹50 लाखांचा नाही.

सोने खरे असते तरी?

समजा, माळ खरोखरच जमिनीत सापडली आहे. तरीही ती खरेदी करणे योग्य ठरत नाही. जमिनीत दडलेल्या मौल्यवान वस्तूंसाठी आपल्या देशात 1878 सालचा निखात निधी कायदा आहे. सापडलेल्या वस्तूची किंमत ₹10 पेक्षा जास्त असेल, तर सापडवणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. न कळवणे हा गुन्हा आहे. म्हणजे गुपचूप विकण्याचा हक्क त्या मजुराला नसतोच. आणि माळ चोरीची असेल, तर चोरीचा माल आहे हे माहीत असून किंवा तसे मानायला कारण असून तो घेणारा भारतीय न्याय संहितेनुसार दोषी ठरू शकतो.

रोख रकमेचाही मुद्दा आहे. आयकर कायद्यानुसार एका व्यवहारात ₹2 लाख किंवा त्याहून जास्त रोख रक्कम स्वीकारता येत नाही. त्यामुळे "₹5 लाख रोखच हवेत" ही अट ऐकली की तिथेच थांबावे.

तपासणी काय सांगते, काय सांगत नाही

कसोटीच्या दगडावर दागिना घासला की वरच्या थराचा कस दिसतो. मुलामा जाड असेल तर दगड फसू शकतो. कॅरेट मोजणारे यंत्रही मुख्यतः पृष्ठभागच वाचते. म्हणून जाणकार सराफ संशय आला की वस्तू कापून किंवा खोल घासून आतला धातू पाहतो.

वजन आणि आकारमान यांची तुलना हीदेखील एक जुनी खूण आहे. सोने फार जड असते. 100 ग्रॅम सोने पाण्यात बुडवले तर शुद्धतेनुसार साधारण 5 ते 6 मिलिलिटर पाणी वर चढते. 100 ग्रॅम पितळ मात्र जवळपास 12 मिलिलिटर पाणी सरकवते, म्हणजे दुप्पट. अर्धा किलो बावीस कॅरेट सोने ओतीव असेल तर 30 मिलिलिटरपेक्षाही कमी जागेत, दोन मोठ्या चमच्यांत मावते. ओंजळभर पिवळी माळ दाखवून कोणी ती अर्धा किलोची म्हणत असेल, तर तिचा आकारच शंका निर्माण करतो. या चाचणीलाही मर्यादा आहे. टंगस्टन हा धातू सोन्याइतकाच जड असतो आणि पोकळ किंवा लाख भरलेल्या मण्यांत हिशेब चुकतो. वस्तू हलकी निघाली तर ती घन सोन्याची नाही हे कळते, पण जड निघाली म्हणून खरी ठरत नाही.

नवा दागिना नोंदणीकृत सराफाकडून घेताना हॉलमार्क पाहावा. त्यात भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह, शुद्धता (उदाहरणार्थ 22K916) आणि अक्षरे व अंक मिळून सहा खुणांचा HUID क्रमांक असतो. 1 एप्रिल 2023 पासून हा क्रमांक असलेलाच हॉलमार्कचा दागिना सराफाला विकता येतो. BIS Care या मोबाइल ॲपमध्ये Verify HUID येथे क्रमांक टाकला की दागिन्याचा प्रकार आणि शुद्धता दिसते. हातातला दागिना आणि पडद्यावरची माहिती जुळते का, हे पाहावे, कारण खरा क्रमांक उतरवून खोट्या वस्तूवर कोरला जाऊ शकतो.

रस्त्यावरच्या सौद्यात मात्र यांपैकी काही करत बसू नये. "पूर्ण माळ सराफाकडे घेऊन चल" असे म्हटले की ठक बहुधा निघून जातो. पण कधी तो "पैसे घेऊन अमुक ठिकाणी या, तिथे सगळी तपासा" असे सांगतो. अशा आडबाजूच्या ठिकाणी लोकांना मारहाण करून रोकड लुटल्याचे प्रकार घडले आहेत. कधी ऐन वेळी खोटे पोलीस येतात आणि घाबरून खरेदीदारच पळतो. म्हणून तपासणीच्या वाटाघाटीत न पडता पहिल्याच दिवशी नकार द्यावा. मणी हातात घेऊच नयेत.

याच युक्तीचे दुसरे रूप: वाटेत पडलेले बिस्कीट

बसस्थानकाजवळ किंवा बाजारात एकट्या स्त्रीसमोर एक पुडी पडलेली दिसते. एक माणूस ती उचलतो. आत सोन्याचे बिस्कीट आणि सराफाचे बिल असते. दुसरा "वाटसरू" म्हणतो, "तिघांनी पाहिलं, तिघांचा वाटा." मग ठरते की बिस्कीट बाईंनी ठेवावे आणि त्या दोघांना त्यांच्या वाट्यापोटी गळ्यातले मंगळसूत्र किंवा बांगड्या द्याव्यात. दोघेही एकाच टोळीचे असतात.

येथे मण्याचे काम बिल करते. मणी असो वा बिल, पुरावा त्यांनीच आणलेला असतो. रस्त्यात सापडलेली वस्तू पोलीस ठाण्यात जमा करायची असते, वाटून घ्यायची नसते. एवढे सांगून गर्दीच्या दिशेने चालू लागावे.

₹5 लाख परत जमायला किती काळ लागेल?

पोह्यांच्या गाडीवर हे जोडपे महिन्याला ₹5,000 मागे टाकते. आधी बांगड्या सोडवायच्या आहेत. ₹1,50,000 च्या कर्जावर दरमहा 1 टक्का व्याज धरले आणि दरमहा ₹5,000 भरले, तर कर्ज फिटायला 36 महिने लागतात. उरलेल्या ₹3,50,000 मधून दोन खऱ्या मण्यांचे ₹20,000 वजा करा. राहिलेले ₹3,30,000 दरमहा ₹5,000 प्रमाणे 66 महिन्यांत जमतील. एकूण 102 महिने, म्हणजे साडेआठ वर्षे. जमणाऱ्या रकमेवरचे व्याज यात धरलेले नाही. ते धरले तर काही महिने कमी होतील, पण मोडलेल्या ठेवीचे बुडालेले व्याज आणि मुदतीआधी पैसे काढल्याबद्दल बँकेने कापलेली रक्कम पुन्हा वाढेल.

या उदाहरणात थांबण्याची एक जागा होती. ठेव मोडताना बँकेतील कर्मचाऱ्याने विचारले होते, "एवढी रोकड कशाला लागते?" ताईंनी "घराचं काम काढलंय," असे उत्तर दिले. बँकेत खोटे कारण सांगावेसे वाटते, तेव्हा ते कारण आधी घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी खरे सांगून पाहावे.

फसवणूक झालीच तर

पुष्कळ लोक तक्रार करत नाहीत. "आपणच चोरीचं सोनं घ्यायला गेलो, आपल्यालाच पकडतील," अशी भीती वाटते. ठकांनी ती गोष्ट सांगितली, त्यामागे ही भीती निर्माण करणे हाही हेतू असतो. पितळ सोने म्हणून विकणे ही फसवणूक आहे आणि तिच्याबद्दल गुन्हा नोंदवता येतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली अशा फसवणुकीला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

लगेच 112 वर फोन करा किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात जा. व्यवहार दुसऱ्या गावात किंवा दुसऱ्या राज्यात झाला असेल, तरी कोणत्याही पोलीस ठाण्यात शून्य क्रमांकाचा गुन्हा नोंदवता येतो. नंतर तो संबंधित ठाण्याकडे पाठवला जातो. जे घडले ते जसेच्या तसे सांगा, काही लपवू नका. कॅमेऱ्यातील चित्रीकरण काही दिवसांत पुसले जाते, म्हणून भेटीची ठिकाणे आणि वेळा पहिल्याच दिवशी लिहून द्या. माळ, मणी, फडके जसेच्या तसे ठेवा. फोनमधील क्रमांक आणि कॉलच्या नोंदी पुसू नका. बँकेतून रक्कम काढल्याची नोंद आणि मणी तपासणाऱ्या सराफाचे म्हणणे उपयोगी पडते.

काही रक्कम यूपीआयने किंवा खात्यातून पाठवली असेल, तर 1930 वर ताबडतोब कळवा, cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा आणि आपल्या बँकेलाही सांगा. पैसे समोरच्या खात्यात असेपर्यंत ते गोठवले जाऊ शकतात. रोख दिलेली रक्कम बँक परत आणू शकत नाही. रोखीचा आग्रह यासाठीच असतो. कायदेशीर सल्ला हवा असल्यास विधी सेवा प्राधिकरणाचा 15100 हा क्रमांक आहे. स्त्रियांना उत्पन्न कितीही असले तरी मोफत विधी सेवा मिळू शकते.

एक गोष्ट करू नका. पैसे वसूल करण्यासाठी ती माळ दुसऱ्याला सोने म्हणून विकू नका. मग फसवणारे तुम्ही ठराल.

स्वतःला विचारून पाहा

1. सराफाने जी वस्तू तपासली, तीच वस्तू मी विकत घेत आहे का?
*नमुना खरा निघाला तर फक्त नमुना खरा असतो.*

2. खरेपणाचा पुरावा कोणी आणला?
*मणी, बिल, रडणारी आई, मध्येच आलेला वाटसरू, हे सारे विकणाऱ्यानेच आणले असेल तर तो पुरावा नाही.*

3. हाच माल त्याने सराफाला का विकला नाही?
*या प्रश्नाचे उत्तर "कारण मी भला माणूस आहे" असे येत असेल, तर चालू लागावे.*